दारात आलेलं ९,३६० चं बिल

पत्र

परदेशातल्या एका दुकानातून कॅमेऱ्याची लेन्स मागवली. मूळ किंमत २५,००० होती, सवलत मिळून २०,००० ला पडली. पाठवण्याचे २,००० वेगळे दिले. लेन्सवर दहा टक्के ड्युटी असते हे आधी पाहून ठेवलं होतं, म्हणजे फार तर दोन हजार जातील असं धरलं होतं. काल कुरिअरचा मुलगा दारात आला आणि ९,३६० मागितले. मी दिले नाहीत, तो पार्सल परत घेऊन गेला. सगळे पैसे आधीच भरलेले असताना हे पुन्हा कसले? आणि सरकारचा कर असेल तर कुरिअरवाला कोण मागणारा? पार्सल नाकारलं तर पैसे परत मिळतील ना? पुढच्या वेळी दुकानदाराला ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवायला सांगावं, असं मित्र म्हणतो. बिलाचा फोटो सोबत जोडला आहे.
— एक वाचक

उत्तर

पार्सल नाकारू नका, पण ९,३६० हा आकडाही मुकाट्याने मान्य करू नका. तुमचं बिल खरं आहे आणि त्यात एक चूकही आहे. ती चूक १,६०० ची आहे. ती कुठे आहे हे खाली दाखवतो. पण त्याआधी कुरिअरवाला मध्ये कुठून आला हे सांगायला हवं, कारण तुमचा राग नेमका तिथे आहे आणि तिथेच तो थोडा चुकीच्या माणसावर निघतोय. (पत्रातलं देशाचं आणि चलनाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. हिशेबाची पद्धत बहुतेक ठिकाणी हीच असते, दर तेवढे बदलतात.)

तुम्ही दुकानाला दिलेले २२,००० हे वस्तूचे आणि वाहतुकीचे होते. त्यात आयातीचा एक पैसाही नव्हता. परदेशी दुकानदार सहसा तुमच्या देशाचा कर गोळा करत नाही. तो पार्सल अशा अटीवर पाठवतो की माल तुमच्या पत्त्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्याची, पण सीमेवरचा कर तुमचा. व्यापाराच्या भाषेत या अटीला डीएपी म्हणतात. याउलट सगळे कर दुकानदाराने आधीच भरायचे असतील तर ती अट डीडीपी. दुकानाच्या पानावर बहुतेक वेळा तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आयात शुल्क आणि कर किमतीत धरलेले नाहीत. ते वाक्य कुणी वाचत नाही, पण तुमचा करार त्या वाक्यावर झालेला असतो. त्यामुळे कागदोपत्री त्या लेन्सचे आयातदार तुम्ही आहात. दुकान नाही आणि कुरिअरही नाही.

आता कुरिअर. कस्टम्सचा जगभरचा एक साधा नियम आहे: कर भरला जाईपर्यंत, किंवा तो भरला जाईल याची हमी मिळेपर्यंत, माल त्यांच्या ताब्यातून सुटत नाही. एका मालवाहू विमानातून एका रात्रीत हजारो पार्सलं उतरतात. प्रत्येकाच्या मालकाला फोन करायचा, त्याने पैसे भरायचे, मग माल सोडायचा असं केलं तर विमानतळावरची गोदामं दोन दिवसांत भरून जातील. म्हणून एक्स्प्रेस कुरिअर कंपन्या कस्टम्सकडे खातं उघडून ठेवतात आणि हमी देऊन ठेवतात. विमान अजून आकाशात असतानाच पार्सलांची माहिती कस्टम्सकडे गेलेली असते. विमान उतरलं की कंपनीचे लोक तुमच्या वतीने आयातीची नोंद दाखल करतात, कर ठरतो, तो कंपनीच्या खात्यातून वळता होतो आणि खोकं बाहेर पडतं. तुमच्या दारात तो मुलगा उभा राहिला तेव्हा सरकारचे पैसे सरकारकडे जमा झालेले होते, निदान कंपनीच्या नावावर लागलेले होते. तो नवा कर मागत नव्हता, कंपनीने तुमच्यासाठी भरलेले पैसे परत मागत होता.

मग दारातच का? कंपनीने तुम्हाला काही दिवसांची उधारी दिली आहे आणि तुम्ही तिच्या ओळखीचे नाही. त्या उधारीचं तारण म्हणून तिच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ते खोकं. खोकं एकदा तुमच्या हातात गेलं की वसुलीसाठी नोटिसा पाठवत बसण्यापलीकडे फारसं काही उरत नाही, आणि अशा लहान रकमांसाठी ते परवडत नाही. म्हणून पैसे आणि पार्सल एकाच वेळी हात बदलतात. नेहमीच्या ग्राहकांना, विशेषतः धंदेवाल्यांना, याच कंपन्या महिन्याचं बिल पाठवतात. तुमच्यासारख्या एकट्यादुकट्याकडून मात्र रोख किंवा ऑनलाइन, आणि तेही आधी. अलीकडे बऱ्याच कंपन्या पार्सल येण्याच्या आदल्या दिवशीच लिंक पाठवतात. तुमच्या स्पॅम फोल्डरमध्ये अशी मेल पडली आहे का, एकदा बघा.

आता बिल. फोटोत पहिलीच ओळ आहे मूल्य, २७,०००. बहुतेक लोक खालची एकूण रक्कम बघतात आणि वैतागतात. पण भांडण असेल तर ते नेहमी या पहिल्या ओळीशी करायचं असतं, कारण बाकी सगळं तिच्यावरून निघतं. तुमचं बिल असं आहे: मूल्य २७,०००, त्यावर १० टक्के ड्युटी २,७००. या दोघांची बेरीज २९,७००, तिच्यावर २० टक्के कर ५,९४०. सरकारी भाग झाला ८,६४०. त्यात कंपनीचं आगाऊ भरणा शुल्क ६०० आणि त्या सेवेवरचा कर १२०. एकूण ९,३६०. गणित बरोबर आहे, मी ताडून पाहिलं.

तुमच्या अंदाजात आणि या गणितात दोन गोष्टींचं अंतर आहे. एक, ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागते असं तुम्ही धरलं. कित्येक देशांत ती वस्तू, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारतात असंच आहे. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ड्युटी काढताना परदेशातून येण्याचं भाडं वगळतात. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकनाच्या करारातच ही निवड त्या त्या देशावर सोडलेली आहे. तुमच्या बिलात वाहतुकीचे २,००० मिळवलेले दिसतात, म्हणजे तुमचा देश पहिल्या गटातला.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. ड्युटी लावून झाल्यावर जो विक्रीकराच्या जातीचा कर लागतो, व्हॅट म्हणा किंवा जीएसटी म्हणा, तो ड्युटीसकटच्या रकमेवर लागतो. म्हणजे करावर कर. लोकांना हे फसवणुकीसारखं वाटतं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. तीच लेन्स तुमच्या देशातल्या एखाद्या दुकानदाराने आयात करून विकली असती, तर त्याने भरलेली ड्युटी त्याच्या विक्रीच्या किमतीत धरली गेली असती आणि त्या किमतीवर तुम्ही हाच कर भरला असता. थेट बाहेरून मागवणाऱ्याला त्यातून सूट दिली तर देशातल्या दुकानदाराने दुकानच बंद करावं. पटो न पटो, तुमच्या दोन हजारांच्या अंदाजात हा कर मुळातच नव्हता आणि बिलातला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. ‘ड्युटी दहा टक्के’ एवढं वाचून थांबणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं.

आता चूक. २७,००० आले कुठून? लेन्सचे २५,००० अधिक वाहतुकीचे २,०००. पण तुम्ही लेन्सचे २०,००० दिले आहेत. मूल्यांकनाचा मूळ नियम असा आहे की विक्रीत प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची असलेली किंमत धरायची. कॅटलॉगमधली नाही, फलकावरची नाही. विक्रीच्या वेळीच मिळालेली, बिलात दिसणारी आणि सर्वांना खुली असलेली सवलत वजा करूनच मूल्य निघतं. बहुधा दुकानाने खोक्याबरोबर जी पावती लावली तिच्यात मूळ किंमत छापली गेली आणि सवलत फक्त तुमच्या ऑर्डरच्या मेलमध्ये राहिली. कूपन वापरलं की असं होतं. दुकानाची विक्रीची प्रणाली वेगळी, पार्सलाचे कागद छापणारी वेगळी, आणि दुसरीला कूपनाचा पत्ताच नसतो. कुरिअरने समोर आलेला कागद बघून नोंद दाखल केली. त्यांच्यापुढे तुमचं बँकेचं स्टेटमेंट नव्हतं.

योग्य मूल्य धरून मांडू. २०,००० अधिक २,००० म्हणजे २२,०००. ड्युटी २,२००. बेरीज २४,२००, कर ४,८४०. सरकारी भाग ७,०४०, त्यात कंपनीचे ७२०, एकूण ७,७६०. फरक १,६००. हा फरक पाच हजारांच्या सवलतीवरची ड्युटी ५०० आणि तिच्यासकट ५,५०० वरचा कर १,१०० यांच्या बेरजेशी काटेकोर जुळतो, म्हणून चूक इथेच आहे आणि दुसरीकडे कुठे नाही याची मला खात्री वाटते.

पहिल्या ओळीनंतर बघायची ती वर्गीकरणाची ओळ. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्यातले पहिले सहा अंक जवळजवळ सगळ्या जगात सारखे असतात. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सचा क्रमांक ९००२११ पासून सुरू होतो. तुमच्या बिलात तोच आहे, म्हणजे दर बरोबर लागला. पाठवणाऱ्याने नुसतं ‘कॅमेऱ्याचं साहित्य’ असं मोघम लिहिलं असतं तर कुरिअरच्या माणसाने अंदाजाने एखादा जास्त दराचा क्रमांक लावला असता, आणि मग भांडायला दुसरी ओळ मिळाली असती. तुमच्या बाबतीत ती वेळ आलेली नाही.

कंपनीच्या ७२० बद्दल. हे सरकारी नाही. कंपनी याला आगाऊ भरणा, प्रक्रिया किंवा हाताळणी शुल्क अशी निरनिराळी नावं देते. साधारण पद्धत अशी की भरलेल्या कराची काही टक्केवारी किंवा एक ठरलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते घ्यायचं. त्यामुळे लहान पार्सलाला ते फार टोचतं: कर शंभराचा आणि शुल्क सहाशेचं, असंही घडतं. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात कमी प्रामाणिक भाग हाच. शुल्क घेण्यात गैर काही नाही, उधारीला आणि कागदाच्या कामाला पैसे पडतातच. पण हा आकडा वस्तू मागवताना कुठेच दिसत नाही आणि कंपनी निवडणारा दुकानदार असतो, भरणारे तुम्ही. काही कंपन्या कर आधी ऑनलाइन भरला तर हे शुल्क कमी करतात किंवा घेतच नाहीत, तेव्हा तशी मेल आली तर ती टाळू नका. तुमच्या बाबतीत नोंद होऊन गेली आहे, त्यामुळे हे ७२० वाचतील असं मला वाटत नाही. त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

टपालाने आलेल्या पार्सलाचं तंत्र थोडं वेगळं असतं. तिथे पाठवणारा खोक्यावर सीएन २२ किंवा, किंमत मोठी असेल तर, सीएन २३ नावाचा छोटा फॉर्म चिकटवतो. कस्टम्सचा माणूस टपाल खात्याच्या केंद्रात बसून कर ठरवतो आणि पोस्टमन तो वसूल करतो. टपालाचं शुल्क सहसा कमी, पण वेळ जास्त.

आज करायचं ते असं. कुरिअरच्या ग्राहक सेवेला नव्हे, तर त्यांच्या कस्टम्स किंवा क्लिअरन्स विभागाला लिहा. फोनवरच्या मुलीला मूल्यांकन बदलायचा अधिकार नसतो, ती फार तर ‘सर, कर सरकारने ठरवला आहे’ एवढं म्हणेल. मेलमध्ये पार्सलाचा क्रमांक द्या, ऑर्डरची पावती जोडा जिच्यात सवलत वेगळी दिसते, आणि कार्डाच्या किंवा बँकेच्या स्टेटमेंटची ती एक ओळ जोडा जिच्यात २२,००० गेलेले दिसतात. बाकीच्या ओळी झाका. दुकानाकडून सुधारलेली पावती मागवा आणि तीही जोडा. मजकूर लांबवू नका. एवढं पुरे: जाहीर केलेलं मूल्य २७,००० आहे, प्रत्यक्ष व्यवहार २२,००० चा आहे, पुरावा सोबत आहे, नोंद दुरुस्त करावी आणि दाखल केलेल्या नोंदीची प्रत मला पाठवावी. ती प्रत मागणं महत्त्वाचं आहे. पुढे परतावा मागायची वेळ आली तर तिच्यावरच्या क्रमांकाशिवाय कुणी तुमच्याशी बोलणार नाही.

आणि पैसे? दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पूर्ण ९,३६० भरून पार्सल घ्या. हे ऐकून तुम्हाला राग येईल. पण कुरिअरच्या गोदामात पार्सल काहीच दिवस फुकट राहतं, नंतर रोजचं साठवणुकीचं भाडं लागतं आणि मुदत संपली की ते परत जातं. १,६०० च्या भांडणात आणखी भर घालायची नसेल तर माल ताब्यात घेऊन भांडलेलं बरं. पैसे भरल्याने तुमचा दुरुस्तीचा हक्क जात नाही. जास्त घेतलेली ड्युटी परत मागण्याची सोय देशोदेशीच्या कायद्यांत असते, मुदत तेवढी वेगळी असते. युरोपीय संघात ती ३ वर्षांची आहे, भारतात १ वर्षाची. घाई नको, पण विसरूही नका.

नाकारलं तर काय होईल, हेही पुरतं सांगतो, कारण बरेच जण ‘नको मला’ म्हणून दार लावतात आणि सुटलो असं समजतात. पार्सल परत जाण्याचं भाडं लागतं, ते कुरिअर दुकानाकडून वसूल करतं. दुकान ते तुमच्या परताव्यातून कापतं, बहुतेकांच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. पाठवण्याचे २,००० तर सहसा कुणी परत देत नाही. भरलेली ड्युटी माल परत गेला म्हणून आपोआप सुटत नाही. माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा दाखवून ती परत मागावी लागते, आणि तुमच्या नाकारलेल्या पार्सलासाठी कंपनी हे करील या भरवशावर राहू नका. काही दुकानं नाकारलेल्या मालाचा परतावा देतच नाहीत. काही वस्तू परत पाठवण्यापेक्षा नष्ट करणं स्वस्त पडतं, मग त्या नष्ट केल्या जातात. लेन्स तुम्हाला हवी आहे. मग वीस हजार अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

तुमच्या मित्राचा सल्ला मी निम्मा ऐकला आणि तिथेच थांबलो. किंमत कमी दाखवणं म्हणजे खोटं निवेदन आणि आयातदार तुम्ही, त्यामुळे दंड तुमच्या नावावर येतो, दुकानाच्या नाही. पकडणं अवघडही नाही. खोक्यात नवी लेन्स, कागदावर तीन हजार. ती उघडणारा अधिकारी लेन्सचं नाव शोधयंत्रात टाकतो आणि एका मिनिटात किंमत बघतो. मग तो तुम्हाला पैसे दिल्याचा पुरावा मागतो आणि पार्सल आठवडाभर लटकतं. त्याहून वाईट म्हणजे विमा. खोकं हरवलं किंवा लेन्सची काच फुटली, तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपर्यंतच मिळते. तीन हजार लिहिले तर तीन हजार.

‘गिफ्ट’चंही तसंच. भेटवस्तूंना काही देशांत छोटी सूट असते, पण ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला, पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला. युरोपीय संघात तिची मर्यादा ४५ युरो आहे. दुकानातून विकत घेतलेली लेन्स कुठल्याही अर्थाने त्यात बसत नाही, आणि खोक्यावर दुकानाचा शिक्का असताना ‘गिफ्ट’ हा शब्द अधिकाऱ्याचं लक्ष वेधायलाच उपयोगी पडतो.

पूर्वी हे असं नव्हतं, अशी तक्रार मला याआधीही पुष्कळांनी लिहिली आहे. त्यात तथ्य आहे. ठरावीक किमतीच्या आतल्या पार्सलांना करच नको, असं बरेच देश पूर्वी म्हणत, कारण वसुलीचा खर्च करापेक्षा जास्त व्हायचा. ऑनलाइन खरेदी वाढली तशी ही सूट सगळ्यांनाच महाग पडू लागली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही जीएसटी लावला, पण तो परदेशी विक्रेत्याकडून विक्रीच्या वेळीच घेतला. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून काढली आणि १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याने आधीच भरण्याची सोय केली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांतून येणाऱ्या मालासाठी थांबवली गेली. यातल्या विक्रेत्याकडून आधी घेण्याच्या पद्धती ग्राहकाला सोयीच्या, कारण रक्कम पैसे भरण्याआधी दिसते. पण त्या बहुधा एका किमतीपर्यंतच लागू असतात. महाग वस्तूला पुन्हा तुमच्यासारखंच, दारात बिल.

म्हणून पुढच्या वेळी पैसे भरण्याच्या पानावर दोनच गोष्टी शोधा. एक, आयात शुल्क आणि कर अशी वेगळी रक्कम तिथे दाखवली आहे का. असेल आणि तुम्ही ती भरली, तर व्यवहार डीडीपी झाला. मग दारात कुणी पैसे मागितले तर ते देऊ नका, ती पावती दाखवा आणि दुकानाला कळवा. पाठवणाऱ्याने कुरिअरच्या फॉर्मवर चुकीची खूण केली की असं दुहेरी बिल येतं, आणि ते दुकानाने कुरिअरच्या खात्यावर एक सूचना दिली की मिटतं. दोन, ती रक्कम दिसत नसेल, तर सगळं डीएपी समजा आणि वर मी मांडलं तसं चार ओळींचं गणित स्वतः करा: वस्तू अधिक वाहतूक, त्यावर ड्युटी, बेरजेवर कर, शेवटी कुरिअरचं शुल्क. तुमच्या लेन्सचा खरा खर्च २२,००० नव्हता, २९,७६० होता. देशातल्या दुकानातली किंमत या आकड्याशी ताडायला हवी होती.

बिल खरं की लुबाडणूक, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं, कारण या नावाने भामटे फार आहेत. त्यांचा मेसेज सहसा एक बारीक रक्कम मागतो आणि एक लिंक देतो; त्यात वस्तूचं नाव नसतं, मूल्य नसतं, दर नसतो. खऱ्या बिलात तुमच्या फोटोत आहेत तशा सगळ्या ओळी असतात आणि आयातीच्या नोंदीचा क्रमांक असतो. तरी लिंकवर बोट ठेवू नका. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, दुकानाने दिलेला पार्सलाचा क्रमांक तिथे घाला, आणि तिथे बाकी रक्कम दिसली तर तिथेच भरा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर कर भरायला कुठलंही कस्टम्स सांगत नाही.

एक शेवटची गोष्ट १,६०० बद्दल. दुरुस्ती मंजूर झाली तर परतावा बहुतेक ठिकाणी ज्याच्या खात्यातून कर गेला त्याच्याकडे जातो, म्हणजे आधी कुरिअरकडे. म्हणून पार्सल घेताना भरलेल्या पैशांची, ड्युटी आणि कर वेगळे दाखवणारी पावती मागा. दारातल्या मुलाच्या यंत्रातून नुसती एकूण रक्कम लिहिलेली चिठ्ठी निघाली, तर त्याच दिवशी कंपनीला मेल करून फोड मागवा. कस्टम्सने पैसे परत केले की कंपनीने ते तुम्हाला द्यायचे असतात. महिना-दीड महिना झाला तरी हालचाल दिसली नाही, तर नोंदीचा क्रमांक घालून पहिल्या मेलवरच पुन्हा लिहा, नवी तक्रार काढू नका. नव्या तक्रारीला नवा माणूस मिळतो आणि त्याला २५,००० ची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.